"फरात नदी आटली" व्हिडिओबद्दल मंडळीत विचारतायत, शांतपणे कसं सांगायचं?

फतेगंज_बुधवार
सलाम सगळ्यांना. वडोदऱ्याच्या आमच्या मराठी मंडळीत बुधवारची बायबल स्टडी मी घेते, पाळक दोन मंडळ्या सांभाळतात म्हणून त्यांना दर बुधवारी जमत नाही. सध्या एकच व्हिडिओ सगळीकडून येतोय, मंडळीच्या ग्रुपवर, बहिणींच्या ग्रुपवर, आणंदच्या गुजराती नातेवाइकांकडून पण. आधी कोरडं पात्र आणि चिखलात रुतलेली होडी दाखवतात, मग पाण्याखालून वर आलेलं मातीच्या भिंतींचं जुनं शहर, मग खडकातल्या पायऱ्या उतरून एक गुहा आणि आतून साखळदंड आपटल्यासारखा आवाज. वरून हिंदीत बोलणारा माणूस सांगतो की इतिहासात पहिल्यांदाच फरात आटली, प्रकटीकरण 16:12 पूर्ण झालं, 9:14 मधले बांधलेले चार दूत याच गुहेत आहेत आणि आता काही महिनेच उरलेत. शेवटी दान पाठवायला क्यूआर कोड.

रविवारी उपासना संपल्यावर तीन जणांनी गाठलं. एक मावशी एकट्या राहतात, त्या विचारत होत्या एफडी मोडून प्रभूच्या कामाला देऊन टाकू का. एक बारावीचा मुलगा, त्याची आई म्हणाली हा पुस्तकच उघडत नाही, म्हणतो आता कशाला. आणि एक काका जरा चिडूनच म्हणाले की चर्चमधे हे कोणी सांगत नाही, तुम्ही लोक लपवताय का. मला कोणाला गप्प करायचं नाहीये, प्रभू येणार हे मी पण मनापासून मानते. पण येत्या बुधवारी हा प्रश्न येणारच, तर काय आणि कसं बोलावं? ज्यांनी असं हाताळलंय त्यांनी सांगा.

कालवा_इंजिनियर
ताई, मी आयुष्यभर कालव्यांचं काम केलंय, नर्मदेच्या मेन कॅनॉलवर पण होतो. फरात आटण्याचं कारण एकच, धरणं. उगम तुर्कस्तानात, तिथून सीरिया, मग इराक. तुर्कांनी वर एकामागून एक धरणं बांधली, त्यातलं सगळ्यात मोठं अतातुर्क धरण. ते भरायला 1990 च्या जानेवारीत त्यांनी महिनाभर नदीचा मुख्य प्रवाह अडवला होता, खाली सीरिया आणि इराकमधे केवढी बोंब झाली होती. म्हणजे "इतिहासात पहिल्यांदा" हे तिथंच खोटं पडतं. त्याच्या आधी 1975 मधे सीरियाचं तबका धरण भरताना इराक आणि सीरिया लढाईच्या तोंडावर आले होते. वरचा नळ बंद केला की खाली पाणी येणार नाही, यात भविष्यवाणी कुठून आली? एवढं सांगा, विषय संपला.

इंदूरची_सून
आमच्याकडे सासूबाईंचं असंच झालं होतं पण ते आधारकार्डाचं होतं. कोणीतरी सांगितलं की बोटांचे ठसे म्हणजे श्वापदाची खूण, 666, उजव्या हातावर. त्या बँकेत केवायसीला यायलाच तयार नाहीत, पेन्शन अडकली. नवऱ्याने खूप वाद घातला, जेवढा वाद घालेल तेवढ्या त्या आणखी घट्ट. शेवटी आमच्या जुन्या पाळकबाईंनी घरी येऊन त्यांच्यासोबत प्रकटीकरणाचा 13 वा अध्याय सगळा वाचला, फक्त तो खुणेचा भाग नाही, सगळा. तिथं श्वापदाची पूजा करणाऱ्यांना ती खूण मिळते. पाळकबाईंनी एवढंच विचारलं, की आई, बँकेत तुम्हाला कोणी कोणाची पूजा करायला सांगितली का? त्या म्हणाल्या नाही. मग दुसऱ्या आठवड्यात गेल्या आमच्याबरोबर. फरातचं मला माहीत नाही पण वाद घालू नका एवढं नक्की सांगते.

जागृत_सेवक
धागा वाचून दुःख झालं. शेवटच्या दिवसांत थट्टेखोर येतील असं पेत्राने लिहिलंय ते हेच. प्रभू येणार नाही असं मंडळीत शिकवायचं चाललंय का आता? धरणं बांधली म्हणून वचन खोटं होतं का? देव धरणाचा पण उपयोग करू शकतो. लोक जागे होतायत तर होऊ द्या ना, भीतीने का होईना पश्चात्ताप करतायत.

फतेगंज_बुधवार
भाऊ, प्रभू येणार नाही असं मी कुठंच लिहिलेलं नाही, उलटंच लिहिलंय, पुन्हा वाचा प्लीज. माझा प्रश्न या व्हिडिओबद्दल आहे आणि तो बघून एफडी मोडायला निघालेल्या मावशींबद्दल आहे. पण तुमचा एक मुद्दा खरा आहे, धरणामुळे आटली एवढं सांगून काकांचं समाधान होणार नाही, ते पण हेच म्हणतील की देवाने धरण वापरलं.

ग्वाल्हेर_निवृत्त
सलाम. मी पाळक म्हणून निवृत्त झालोय, आता ग्वाल्हेरला मुलाकडे असतो. असे दिवस बरेच पाहिले. ताई, धरणाचं नंतर सांगा, आधी लोकांच्या हातात बायबल द्या आणि 16 वा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचायला लावा. व्हिडिओवाला थेट बारावर उडी मारतो. तिथं क्रोधाच्या सात वाट्या आहेत आणि त्या ओळीने ओतल्या जातात. पहिल्या वाटीने श्वापदाची खूण असलेल्यांना फोड येतात, दुसरीने समुद्र रक्तासारखा होऊन त्यातला प्रत्येक जीव मरतो, तिसरीने नद्या आणि झरे रक्त होतात, चौथीने सूर्य माणसांना भाजतो, पाचवीने श्वापदाच्या राज्यावर अंधार पडतो. मग सहावी, फरात. आता जो माणूस हे सगळं अक्षरशः घ्यायचं म्हणतो त्यालाच शांतपणे विचारा, आधीच्या पाच वाट्या कधी ओतल्या गेल्या? वेरावळला परवा मासळी उतरली, म्हणजे समुद्रातला जीव काही मेलेला नाही. त्याच्याच पद्धतीने वाचलं तरी सहावी अजून आलेली नाही. याला थट्टा कोणी म्हणू शकत नाही, हे सरळ वाचन आहे.

आणि गुहेचं. 9:14 मधे चार दूत फरातजवळ बांधलेले आहेत एवढंच आहे, गुहा नाही, पायऱ्या नाहीत, साखळीचा आवाज नाही. तोही सहाव्या कर्ण्याचा भाग आहे, तिथंही आधी पाच कर्णे आहेत.

दुसरं, योहानाच्या पहिल्या वाचकांना फरात आटणं म्हटल्यावर काय आठवत असेल ते बघा. बाबेल शहर फरातवर वसलेलं. यिर्मया 50:38 आणि 51:36 मधे बाबेलचं पाणी आटेल असं आहे. यशया 44 च्या शेवटी देव नद्या आटवीन म्हणतो आणि लगेच पुढच्याच ओवीत कोरेशाचं नाव येतं. इ.स.पू. 539 मधे कोरेशाच्या फौजेने बाबेल घेतलं, आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की त्यांनी नदीचं पाणी वळवलं आणि उथळ पात्रातून सैन्य आत गेलं. कोरेश पूर्वेकडूनच आलेला राजा. म्हणून प्रकटीकरणात फरात आटते, पूर्वेच्या राजांची वाट मोकळी होते, आणि 16 व्या अध्यायाच्या शेवटी महान बाबेल आठवली जाते, मग 17 आणि 18 मधे ती पडते. छळाखाली जगणाऱ्या त्या मंडळ्यांना हे धीर देणारं होतं, आपल्याला चिरडणारी सत्ता जुन्या बाबेलसारखीच पडणार. 17:15 मधे तर दूत स्वतःच सांगतो की बाबेल नावाची वेश्या ज्या पाण्यावर बसली आहे ते पाणी म्हणजे लोक, समुदाय, राष्ट्रं. म्हणून मी या फरातला आज उपग्रहाच्या फोटोत शोधत नाही. पण माझे काही चांगले सहकारी ते अक्षरशः घ्यायचे, त्यांच्याशी माझी मैत्री कधी तुटली नाही.

रावपुरा_एडिटर
मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, चर्चचं लाईव्ह पण बघतो. तोच व्हिडिओ आमच्याकडे पण आलाय, काल रात्री बसून बघितला. पॉज करून प्रत्येक सीनचा स्क्रीनशॉट घेतला आणि गूगल लेन्समधे टाकला. ते मातीचं शहर फरातवर नाहीच आहे! ते केमुने म्हणून ठिकाण आहे, इराकमधे मोसुल धरणाच्या जलाशयात, आणि तो जलाशय टायग्रिस नदीचा, म्हणजे बायबलमधली हिद्दकेल. दुष्काळात धरणाचं पाणी उतरलं म्हणून 2022 च्या सुरुवातीला शहर वर आलं, जर्मन आणि कुर्दी लोकांनी घाईघाईत उत्खनन केलं, साधारण 3400 वर्षं जुनं आहे, शंभरच्या वर मातीच्या पाट्या सापडल्या लिहिलेल्या. नंतर पाणी परत चढलं आणि शहर परत बुडालं.

गुहेच्या सीनचं ठिकाण मला सापडलं नाही, त्यामुळे ते कुठलं आहे ते मी सांगणार नाही. पण आवाज मागाहून लावलेला आहे हे नक्की, हेडफोन घालून ऐका, माणूस पायऱ्या उतरतो तेव्हा कॅमेरा हलतोय, वारा माइकवर आपटताना दिसतोय, पण वाऱ्याचा आवाज शून्य आणि साखळीचा आवाज एकदम स्वच्छ, आणि तोच ठोका ठरावीक अंतराने लूपमधे परत येतो. कोणाला दाखवायचं असेल तर दोनदा लागोपाठ ऐकवा, लगेच कळतं.

कालवा_इंजिनियर
टायग्रिस! हे मला पण माहीत नव्हतं. बघा, म्हणजे तिथं पण धरणच.

एमएस_जिऑलॉजी
काका, तुमचं बरोबर आहे पण पूर्ण नाही, मी एमएस युनिव्हर्सिटीत जिऑलॉजी करतेय म्हणून लिहिते. फक्त धरणं म्हटलं तर कोणीतरी विचारेल की धरणात तरी पाणी का नाही, मग ताई अडकतील. नासाचे दोन उपग्रह जमिनीच्या गुरुत्वाकर्षणातला बदल मोजून पाण्याचा हिशोब करायचे, ग्रेस त्यांचं नाव. त्यावरून 2013 मधे अभ्यास आला की 2003 ते 2009 या काळात टायग्रिस आणि फरातच्या खोऱ्यातून 144 घन किलोमीटर गोडं पाणी कमी झालं, आणि त्यातलं साधारण 60 टक्के जमिनीखालून उपसलेलं होतं. 2007 च्या दुष्काळानंतर नदीला पाणी नाही म्हणून लोकांनी बोअर मारले. म्हणजे पाऊस कमी, वर धरणं, खाली उपसा, आणि शेताला पाणी द्यायची जुनी पद्धत, हे सगळं मिळून आहे. मेहसाण्याकडे बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावे लागतात ते सगळ्यांना माहितीय, ते आपण शेवटचा काळ म्हणून नाही बघत. आणि नदी पूर्ण आटलेली पण नाही, पाणी खूप कमी झालंय, तिथल्या शेतकऱ्यांचे खरंच हाल आहेत.

कालवा_इंजिनियर
उपशाचं मान्य. आमच्या खात्यात आम्ही नेहमी वरच्या पाण्याचंच बघायचो. पण 1990 चा मुद्दा मी सोडणार नाही, तो लोकांना पटकन कळतो.

जागृत_सेवक
ग्वाल्हेरच्या पाळकांचं वाचलं. पाच वाट्यांचं मला आधी कोणी असं दाखवलं नव्हतं, ते मान्य. पण पाणी म्हणजे लोक हे मला नाही पटत. तांबडा समुद्र खरा दुभंगला, यार्देन खरी थांबली, मग फरात खरी का नाही आटणार? आणि लोक जागे होतायत त्याचं काय?

ग्वाल्हेर_निवृत्त
भाऊ, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्यावर मंडळ्यांमधे फार जुना मतभेद आहे, तो या धाग्यावर मिटणार नाही. तुम्ही फरात खरोखर आटेल असं धरा, मी हरकत घेत नाही. माझी हरकत "आता झालं आणि इतके महिने उरले" एवढ्यालाच आहे, कारण तो दिवस आणि घटका कोणाला माहीत नाही असं प्रभू मार्क 13:32 मधे स्वतः म्हणतो.

जागे होण्याबद्दल सांगतो. थेस्सलनीकाच्या मंडळीत हेच झालं होतं. दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो की प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असं कोणी आत्म्याने, वचनाने किंवा जणू आमच्याकडून आलेल्या पत्राने सांगितलं तर लगेच घाबरून जाऊ नका. म्हणजे पौलाच्या नावाने खोटं पत्र फिरत होतं किंवा फिरेल अशी भीती होती. आणि तिसऱ्या अध्यायात काही लोक काम सोडून बसलेले दिसतात, त्यांना तो म्हणतो शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा. बारावीच्या मुलाला मी हाच भाग वाचायला देईन, भाषण न देता. त्याला हेही विचारा की परीक्षेची भीती आधीपासून होती का, बऱ्याचदा असतं. मग व्हिडिओ त्याला एक मोठं कारण देतो.

भीतीने आलेला पश्चात्ताप तारीख गेली की कुठं जातो ते पण बघितलंय. अमेरिकेत विल्यम मिलरच्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ची वाट बघितली, काहींनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं. हॅरल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून 21 मे 2011 सांगितली, लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींवर घातले, 2012 मधे त्यानेच लिहून दिलं की तारीख सांगणं चुकीचं होतं. 2025 च्या सप्टेंबरमधे 23 आणि 24 तारीख मोबाइलवर फिरत होती, तुमच्याकडे पण आली असेल. प्रत्येक वेळी काही लोक नंतर मंडळीतच यायचे बंद होतात, ते मला जास्त दुखतं.

इंदूरची_सून
मावशींच्या एफडीचं कोणी बोललंच नाही अजून! त्यांना पहिल्यांदा सांगा ना की हात लावू नका.

ग्वाल्हेर_निवृत्त
बरोबर, ते सगळ्यात आधी. आणि ग्रुपमधे नाही, घरी जाऊन, त्यांच्या ओळखीच्या एखाद्या बहिणीला सोबत घेऊन. देऊ नका असं म्हणू नका, त्यांना वाटेल तुम्ही देण्याच्या विरुद्ध आहात. एवढंच विचारा की हा क्यूआर कोणाचा आहे, पावती कोण देणार, आणि जग संपणार म्हणणाऱ्याला तुमचे पैसे कशाला हवेत. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं तेही सांगा. द्यायचंच असेल तर मुदत पूर्ण झाल्यावर, व्याजातून, जिथं हिशोब दिसतो तिथं. आणि एकट्या बाईला शेवटच्या दिवसाची एवढी भीती का वाटतेय ते ऐकून घ्या, तुम्ही बोलायच्या आधी. बऱ्याच वेळा प्रश्न फरातचा नसतोच, गेलेल्या माणसाचा असतो, ते पुन्हा भेटतील का. पौलाने थेस्सलनीकाकरांना पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात प्रभूच्या येण्याचं लिहिलं ते शोक करणाऱ्यांसाठी, आणि शेवटी म्हणतो या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा.

रावपुरा_एडिटर
ताई, ग्रुप ॲडमिन कोण आहे? मी तर म्हणतो असे व्हिडिओ डिलीट करा आणि ओन्ली ॲडमिन करून टाका.

फतेगंज_बुधवार
ॲडमिन सेक्रेटरी आहेत. मला डिलीट करणं नको वाटतं, काका आधीच लपवताय म्हणतायत, डिलीट केलं की त्यांना पुरावाच मिळाला. सेक्रेटरी तुमच्याच बाजूचे आहेत, म्हणतात रोज एक कोण उत्तर देत बसणार. आमचं ठरलेलं नाही अजून.

फतेगंज_बुधवार
बुधवार झाला म्हणून लिहिते. नेहमीपेक्षा जास्त लोक होते. सुरुवातीला मी व्हिडिओबद्दल काहीच बोलले नाही, कोणाला काय वाटतंय ते विचारलं आणि ऐकलं. एका बहिणीने सांगितलं की 2024 च्या ऑगस्टमधे विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हापासून असं काही आलं की झोप लागत नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा भीती कितीतरी जुनी आहे लोकांची, मग आम्ही आधी प्रार्थना केली.

नंतर 16 वा अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचला, प्रत्येकाने दोन ओव्या. दुसऱ्या वाटीला आलो तेव्हा कोणीतरी स्वतःच म्हणालं की अरे हे तर अजून झालं नाही, मला सांगावंच लागलं नाही. मग रावपुरावाल्या भाऊंचं केमुनेचं सांगितलं आणि आवाज दोनदा ऐकवला. इंजिनियर काकांचं 1990 खरंच सगळ्यांना पटकन कळलं, आणि जिऑलॉजीच्या मुलीने सांगितलं म्हणून तिथल्या शेतकऱ्यांसाठी पण प्रार्थना घेतली.

मावशींकडे शनिवारी जाऊन आले होते. एफडी तशीच आहे. त्यांचा मुलगा दुबईला असतो, दोन महिने फोन नव्हता, ते खरं दुखणं निघालं. बारावीचा मुलगा अजून नीट बोलत नाही, पण मी त्याला एकच काम दिलं, पुढच्या बुधवारी थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र त्याने वाचायचं, हो म्हणालाय. काका मात्र मधेच उठून गेले. जाताना म्हणाले, ही नदी चुकीची असेल पण बाकीचे व्हिडिओ खरे आहेत, लाल गाईचं काय ते सांगा.

जागृत_सेवक
लाल गाईचं मी पण विचारणार होतो. 2022 मधे टेक्सासहून पाच कालवडी इस्राएलला नेल्या हे तर खरं आहे ना?

ग्वाल्हेर_निवृत्त
हो, ते खरं आहे, सप्टेंबर 2022 मधे नेल्या. गणना 19 मधला लाल कालवडीच्या राखेने शुद्धीकरणाचा विधी तिथल्या काही लोकांना यरुशलेमचं मंदिर परत बांधायचं म्हणून पुन्हा सुरू करायचा आहे. पण नव्या करारात लाल कालवडीचा उल्लेख फक्त इब्री 9:13 मधे येतो, आणि तिथं ती ख्रिस्ताच्या रक्तापुढे अपुरी म्हणून येते, शेवटच्या काळाची खूण म्हणून नाही. मंदिर परत बांधलं जाईल की नाही यावर तुमचं माझं एकमत होणार नाही, त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

ताई, काकांना पुढच्या बुधवारी इब्री 9 वाचायला सांगा, आणि दोन दिवस आधी फोन करून सांगा, म्हणजे ते तयारी करून येतील.